थकबाकीवरचं व्याज आणि भाड्याच्या फ्लॅटचं शुल्क: कमिटीपुढे जाण्याआधीची तयारी

फ्लॅट भाड्यानं दिलेला, स्वतः दुसऱ्या गावी, सहा महिन्यांची बिलं राहून गेलेली आणि अचानक सोसायटीचं पत्र: मूळ रक्कम इतकी, भाड्यानं दिलेल्या फ्लॅटवरचं नॉन-ऑक्युपन्सी शुल्क इतकं, व्याज इतकं, पंधरा दिवसांत भरा. असं पत्र आलं की बहुतेक सभासद एक तर मुकाट्यानं भरतात, नाही तर थेट भांडायला जातात. दोन्हींच्या आधी एक दुपार कागद जमवण्यात घालवावी. ही यादी महाराष्ट्रातल्या नोंदणीकृत सहकारी गृहनिर्माण संस्थेसाठी आहे. तुमची इमारत अपार्टमेंट म्हणून, म्हणजे 1970 च्या अपार्टमेंट कायद्याखाली असेल, तर तिचे नियम वेगळे आहेत. म्हणून बिलाच्या माथ्यावरचा नोंदणी क्रमांक सर्वांत आधी पाहा.

पहिला कागद सोसायटीच्या उपविधींचा, ज्यांना आपण सगळे बायलॉज म्हणतो. इंटरनेटवरची प्रत घेऊन बसू नका. तुमच्या सोसायटीनं स्वीकारलेली आणि निबंधकांनी मंजूर केलेली प्रतच लागते. काही सोसायट्या अजून जुन्या आदर्श उपविधींवर आहेत, काहींनी 2014 चे घेतले आहेत, आणि दोन्हींत कलमांचे क्रमांक जुळत नाहीत. क्रमांकापेक्षा ‘थकलेल्या आकारणीवरील व्याज’ या मथळ्याखाली काय लिहिलंय ते वाचा. आदर्श उपविधींत तिथं तीन गोष्टी सापडतात: व्याज सरळ असेल, दर सर्वसाधारण सभा ठरवेल, आणि तो वर्षाला 21 टक्क्यांच्या वर जाणार नाही. म्हणजे 21 टक्के ही कमाल मर्यादा आहे, आपोआप लागू होणारा दर नव्हे. ‘बायलॉजमध्येच 21 आहे’ हे उत्तर मी अनेक कमिट्यांकडून ऐकलंय आणि ते चुकीचं आहे. 2025 साली सरकारनं गृहनिर्माण संस्थांच्या नियमांचा मसुदा काढला, त्यात ही मर्यादा 12 टक्क्यांवर आणायचं सुचवलं होतं. म्हणून पत्र लिहिण्याच्या दिवशी कोणती मर्यादा लागू आहे, ते उपनिबंधक कार्यालयात विचारून घ्या.

आता साहजिकच दुसरा कागद लागतो: ज्या सर्वसाधारण सभेत व्याजाचा दर ठरला, तिच्या इतिवृत्ताची प्रत. ठराव कमिटीच्या बैठकीतला असेल तर तो पुरेसा नाही. ठरावाची तारीखही बघा. यंदाच्या ठरावाचा दर दोन वर्षांपूर्वीच्या बिलांना लावला असेल तर तिथं हरकत घ्या. व्याजाशिवाय ‘लेट फी 500’ अशी वेगळी ओळ दिसली, तर ती कोणत्या उपविधीखाली आहे असं लेखी विचारा. उशिरासाठी उपविधींनी दिलेला उपाय व्याज हाच आहे.

प्रत मागताना तोंडी मागू नका. दोन ओळींचा अर्ज करा, पोच घ्या. उपविधी, लेखापरीक्षित ताळेबंद, सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त आणि स्वतःच्या खात्याचा उतारा पाहण्याचा हक्क सभासदाला कायद्यानंच आहे. कागद मिळाले नाहीत, तर ती तक्रार निबंधकांकडे जाते.

तिसरा कागद म्हणजे प्रत्येक महिन्याचं मूळ बिल. एकूण आकडा उपयोगाचा नाही, बाबनिहाय फोड हवी. कारण नॉन-ऑक्युपन्सीचा सगळा वाद या फोडीत असतो. राज्य सरकारनं 1 ऑगस्ट 2001 रोजी सहकार कायद्याच्या कलम 79-अ खाली आदेश काढून हे शुल्क सेवा शुल्काच्या 10 टक्क्यांपर्यंत बांधलं, आणि पुढं मुंबई उच्च न्यायालयानं माँट ब्लँक सोसायटीच्या प्रकरणात तो आदेश कायम ठेवला. यातला ‘सेवा शुल्क’ हा शब्द मोलाचा आहे. त्यात वॉचमन आणि ऑफिसच्या माणसांचे पगार, सामाईक वीज, छपाई-टपाल, लेखापरीक्षणाची फी असे खर्च येतात. मालमत्ता कर, पाणीपट्टी, सिंकिंग फंड, दुरुस्ती निधी, पार्किंग हे त्यात येत नाहीत. सोसायट्या मात्र सर्रास पूर्ण बिलाच्या 10 टक्के लावतात, कारण सॉफ्टवेअरमध्ये तेच सोपं पडतं.

एक हिशोब मांडून दाखवते. बिल महिन्याला 3,800 रुपयांचं: सेवा शुल्क 1,600, पाणी 500, मालमत्ता कर 700, सिंकिंग फंड 200, दुरुस्ती निधी 500, पार्किंग 300. नॉन-ऑक्युपन्सी 160 रुपये व्हायला हवं, सोसायटीनं लावलं 380. एप्रिल ते सप्टेंबरची सहा बिलं थकली, प्रत्येकाची मुदत त्या-त्या महिनाअखेरची, आणि पैसे भरले ऑक्टोबरअखेर. मग पहिलं बिल सहा महिने उशिरा, दुसरं पाच, असं शेवटचं एक महिना, मिळून 21 महिने. खरं मासिक देणं 3,960. सभेनं 21 टक्के ठरवले असतील तर महिन्याला पावणेदोन टक्के, म्हणजे 69 रुपये 30 पैसे. त्याला 21 नं गुणलं की व्याज 1,455 रुपये 30 पैसे. सोसायटीनं 4,180 धरून, दर महिन्याच्या व्याजावर पुन्हा व्याज लावून काढलं 1,581 रुपये 75 पैसे. म्हणजे नॉन-ऑक्युपन्सीत 1,320 आणि व्याजात 126 रुपये 45 पैसे जास्त.

सहा महिन्यांत चक्रवाढीचा फरक किरकोळ दिसतो, म्हणून लोक तो सोडून देतात. पण 3,960 चं एकच बिल पाच वर्षं थकलं, तर सरळ व्याज 4,158 होतं आणि मासिक चक्रवाढीनं 7,254. चक्रवाढ ओळखायची खूण अशी: उताऱ्यात मागच्या महिन्याचं व्याज पुढच्या महिन्याच्या ‘मागील बाकी’त मिसळलेलं असतं आणि नवं व्याज त्या सगळ्यावर निघालेलं असतं. मूळ रक्कम आणि व्याज यांचे रकाने वेगळे नसतील, तर वेगळे करून मागा.

फ्लॅटमध्ये कोण राहतं याचा पुरावाही सोबत ठेवा. भाडेकरू असेल तर नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स कराराची प्रत घ्या आणि तो कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत होता ते टिपून ठेवा, कारण भाडेकरू गेल्यावरही ही ओळ बिलात महिनोन्‌महिने तशीच राहते. फ्लॅट कुलूपबंद असेल तर शुल्क लागत नाही. ते भाड्यानं दिलेल्या जागेसाठी आहे. विवाहित मुलगी, जावई, नातवंडं, भाऊ-बहीण असं उपविधींच्या व्याख्येतलं कुटुंब राहत असेल तरी लागत नाही. नात्याचा पुरावा म्हणून आधार किंवा जन्माचा दाखला जोडला की पुरतं.

बिलं कुठं पोचली, हेही तपासा. भाडेकरूच्या लेटरबॉक्समध्ये टाकलेलं बिल सांगलीच्या मालकाला कसं कळणार? पण तुम्ही पत्रव्यवहाराचा पत्ता कधी कळवलाच नसेल, तर ही तक्रार टिकत नाही. आजच ईमेल आणि पत्ता लेखी द्या.

शेवटी, वाद मिटेपर्यंत काहीच न भरणं ही सर्वांत महागडी चूक आहे. निर्विवाद रक्कम, वरच्या उदाहरणात 23,760 रुपये आणि 1,455 रुपये 30 पैसे व्याज, बँकेतून भरा. पत्रात हिशोब जोडा, कोणत्या बिलापोटी किती भरलं ते लिहा आणि ‘उरलेल्या रकमेबाबत हरकत कायम’ असं नमूद करा. तीन महिन्यांहून जास्त थकबाकी राहिली तर थकबाकीदार ठरून कमिटीची निवडणूक लढवता येत नाही, आणि सोसायटी वसुली दाखल्यासाठी निबंधकांकडे जाऊ शकते. कमिटीनं हिशोब नाकारला, तर जादा वसुलीचा वाद सहकार न्यायालयात जातो. तिथं बिलं, उतारा, ठराव आणि पोच असलेला अर्ज याच क्रमानं लावलेली फाइल घेऊन वकिलाकडे जा.