बुंदी पाडायच्या आधी: एकाच पिठात लाडवाची आणि रायत्याची

लाडवाची आणि रायत्याची बुंदी वेगळ्या पिठाची नसते. पीठ तेच आणि झाराही तोच, फक्त तेलात ती किती वेळ राहते यावर सगळं ठरतं. म्हणून मी दोन्ही एकाच दिवशी करते. आधी लाडवाची आणि शेवटी रायत्याची, कारण रायत्याच्या पिठात मीठ पडतं आणि ते लाडवात चालत नाही. खालचं प्रमाण पाव किलो, म्हणजे 250 ग्रॅम बेसनाचं आहे. त्यातलं दोन भाग पीठ लाडवाला आणि एक भाग रायत्याला.

सगळ्यात आधी झारा बघून घ्या. भोकं गोल हवीत, साधारण 3 ते 4 मिलिमीटरची, आणि त्यांच्या कडा गुळगुळीत हव्यात. कडेला बोट फिरवल्यावर खरखर लागली तर पीठ तिथे अडकतं आणि दाण्याला शेपूट येतं. मोतीचूराचा बारीक भोकांचा झारा या पिठाला चालणार नाही, त्याला पीठ बरंच पातळ लागतं. बुंदी काढायला दुसरा झारा किंवा जाळीचा चमचा वेगळा ठेवा. पाडायच्याच झाऱ्याने काढायला गेलात की तो तेलाने तापतो आणि पुढच्या घाण्याचं पीठ भोकांतच शिजतं. शेजारी एक कोरडं फडकं हवंच. झारा धुतला तर पुसून पूर्ण कोरडा झाल्याशिवाय तो कढईवर धरू नका, कारण पाण्याचा एक थेंबही गरम तेल अंगावर उडवतो.

बेसन बारीक दळलेलं घ्या आणि चाळा. त्यात आधी 200 मिली पाणी घालून गुठळ्या मोडा, मग चमच्याचमच्याने वाढवा. माझं पीठ 270 ते 300 मिलीच्या मध्ये कुठेतरी थांबतं, तुमचं दळण जुनं किंवा जाडसर असेल तर आकडा बदलेल. एक चमचा तेल घालून चांगलं फेटा आणि 15 ते 20 मिनिटं झाकून ठेवा. या वेळात बेसन पाणी पितं आणि पीठ घट्ट होतं, त्यामुळे पिठाचा खरा अंदाज भिजल्यानंतरच येतो. सोडा घातलात तर अगदी चिमूटभर, तोही पाडायच्या आधी. जास्त सोड्याने बुंदी आतून पोकळ होते आणि तेल पिते.

पीठ जमलंय का हे कढईवर नाही, भांड्यावरच बघून घ्यायचं. झाऱ्यावर पळीभर पीठ ओता. सलग दोऱ्यासारख्या धारा लागल्या तर ते पातळ आहे, तेलात चपट्या चकत्या होतील. चमचाभर बेसन घाला. पीठ झाऱ्यावर बसून राहिलं आणि चमच्याने दाबावं लागलं, तर ते घट्ट आहे, दाणे लांबट आणि शेपटाचे पडतील. चमचाभर पाणी घाला. झाऱ्याचा दांडा हलकासा आपटल्यावर थेंब सुटे पडायला लागले की थांबा. हात सुधारण्यापेक्षा पीठ सुधारणं सोपं आहे, हे मला दोन वेळा घाणा वाया गेल्यावर कळलं.

तेल किती, तर कढईच्या मध्यावर दोन-अडीच इंच खोल. कमी तेलात थेंब फुगायच्या आधीच तळाला टेकतो आणि तिथे चिकटतो. थर्मामीटर असेल तर 170 ते 175 अंश सेल्सिअसला पाडायला घ्या. नसेल तर एक थेंब सोडा: तो खाली जाऊन क्षणात वर यायला हवा आणि आल्याआल्या तांबूस व्हायला नको. तळाशी रेंगाळला तर तेल थंड आहे. लगेच रंग धरला तर जास्त तापलंय. दाणा बाहेरून भाजेल आणि आत ओला राहील.

लाडवाचा पाक बुंदीच्या आधी तयार हवा, कारण तळलेली बुंदी वाट बघत बसली की कडक होते. 200 ग्रॅम साखर, 100 मिली पाणी, एकतारी झाला की गॅस बंद करून झाकून ठेवा. बुंदी पडेल तेव्हा पाक कोमट ते गरम असावा. जास्त निवला तर थोडासा तापवून घ्या.

आता पाडणं. झारा तेलापासून चार-पाच इंच वर धरा. त्याहून खाली आणलात तर वाफेने पीठ भोकांत घट्ट होतं, आणि फार वर नेलात तर थेंब आपटून चपटे होतात, तेलही उडतं. पळीभर पीठ ओतून दांडा कढईच्या काठावर हलके आपटा. एकाच जागी न पाडता झारा थोडा फिरवत राहा. पहिला दाणा आणि शेवटचा दाणा यांत 10-12 सेकंदांपेक्षा जास्त अंतर पडू देऊ नका. लाडवाची बुंदी तेलात राहते जेमतेम 45 सेकंद ते एक मिनिट, तिथे एवढ्या फरकानेही अर्धी कच्ची आणि अर्धी कडक निघते. उरलेलं पीठ परत भांड्यात घ्या आणि झारा दोन्ही बाजूंनी पुसा, प्रत्येक घाण्याला. कंटाळवाणं आहे, पण शेपटं बहुतेक वेळा इथूनच येतात. तेलात एकच थर मावेल एवढंच पाडा.

लाडवाची बुंदी काढायची खूण रंगात शोधू नका, तो जवळजवळ बदलत नाही. तेलातली चरचर थोडी कमी होते, पण बुडबुडे अजून येत असतात. तेव्हा एक दाणा बाहेर काढून दोन बोटांत दाबा. तो दबला पाहिजे आणि आत पीठ ओलं लागता कामा नये. तसाच निथळून थेट पाकात टाका. एकदा गप्पांच्या नादात माझा घाणा दोन मिनिटं राहिला. ती बुंदी पाक प्यायलाच तयार नव्हती, लाडू वळताना सुटत होते. शेवटी तीन चमचे गरम पाणी शिंपडून दहा मिनिटं झाकली, तेव्हा वळले, पण मऊपणा काही आला नाही.

शेवटच्या एक भाग पिठात मीठ घालून फेटा. ही बुंदी त्याच तेलात, मध्यम आचेवर, दोन ते अडीच मिनिटं ठेवा. बुडबुडे जवळजवळ थांबतात आणि झाऱ्यात घेतल्यावर दाणे खुळखुळतात. तोपर्यंत आत पाणी शिल्लक असतं आणि डब्यात गेल्यावर तेच तिला मऊ करतं. पूर्ण निवल्यावरच डबा बंद करा.

रायत्याला ती कोमट पाण्यात चार-पाच मिनिटं भिजवून तळव्यांत हलकी दाबा, मग दह्यात घाला. दही नेहमीपेक्षा थोडं पातळ ठेवा, कारण दाबलेली बुंदीही अर्ध्या तासात आणखी फुगते. कुरकुरीत हवी असेल तर भिजवायचीच नाही, पानं वाढताना वरून घालायची.