बेसन चीला : वजन कोरड्या पिठाचं करा
कॅलरी मोजायच्या असतील तर चीला भाजल्यावर तोलू नका. पाणी किती उडालं त्यावर ते वजन बदलतं. वाटीही फसवते, दाबून भरली की पीठ जास्त बसतं. काट्यावर ६० ग्रॅम बेसन घ्या: सुमारे २३० कॅलरी, १३ ग्रॅम प्रथिनं, ३५ ग्रॅम कर्बोदकं, ४ ग्रॅम चरबी. पाणी ९० मिली घाला किंवा १२०, आकडे तेच राहतात, चीला फक्त पातळ होतो.

खरा घोळ तेलात. बाटली आधी आणि नंतर तोला. ५ ग्रॅम कमी झालं, तर ४५ कॅलरी आणि ५ ग्रॅम चरबी वाढली. एकूण २७५ च्या आसपास. दोन चीले झाले तर निम्मे-निम्मे. पिठाच्या पाकिटावरचे आकडे वेगळे असतील तर तेच धरा.