वेटिंग पिरियडचं कलम सोप्या मराठीत लिहायचंय? नवीन लोकांसाठी माझा अनुभव

मी हेल्थ इन्शुरन्सच्या कागदपत्रांवर काम करते, म्हणजे पॉलिसीतली कलमं साध्या भाषेत लिहायची, ग्राहकाला जाणारी पत्रं, माहितीपत्रक, कॉल सेंटरवर सांगायची उत्तरं वगैरे. या कामात नवीन येणाऱ्याला मी पहिल्यांदा एकच कलम हातात देते, आधीपासून असलेल्या आजाराच्या वेटिंग पिरियडचं, म्हणजे त्या आजाराचा खर्च मिळायला किती काळ थांबावं लागतं त्याचं, पॉलिसीत त्याच्यासमोर Excl01 असा कोड छापलेला असतो. चारच वाक्यं आहेत, पण ते नीट जमलं की बाकीची बरीच कलमं सोपी जातात.

आधी एक गोष्ट माहीत पाहिजे. या कलमाची शब्दरचना कंपनीने मनाने लिहिलेली नसते. विमा कंपन्यांचं नियमन करणाऱ्या आयआरडीएआयने २०१९ मध्ये अशा अपवादांची भाषा सगळ्या कंपन्यांसाठी सारखी करून दिली, त्यामुळे पॉलिसीतलं मूळ कलम तसंच राहतं आणि आपण लिहितो ती सोपी आवृत्ती माहितीपत्रकात नाहीतर पत्रात जाते. म्हणून दोन्ही कागद एकाच ग्राहकाच्या हातात असतात. त्यांच्यात फरक निघाला तर ग्राहक क्लेमच्या वेळी आपलं वाक्य दाखवणार, आणि त्याने तेच वाचलेलं असतं म्हणून त्यात त्याची काही चूक नाही.

मूळ कलम मराठीत आणलं की साधारण असं दिसतं:

"पूर्वअस्तित्वातील आजार व त्याच्या थेट गुंतागुंतीच्या उपचारांशी संबंधित खर्च, विमा कंपनीकडील प्रथम पॉलिसीच्या आरंभ दिनांकापासून अखंड संरक्षणाचे ३६ महिने पूर्ण होईपर्यंत वगळण्यात येतील. विमा रकमेत वाढ केल्यास सदर अपवर्जन वाढीव रकमेच्या मर्यादेपर्यंत नव्याने लागू होईल. पोर्टेबिलिटीच्या निकषांनुसार विमाधारक खंडाविना संरक्षित असल्यास प्रतीक्षा कालावधी पूर्वीच्या संरक्षणाच्या मर्यादेपर्यंत कमी होईल. ३६ महिन्यांनंतरचे संरक्षण सदर आजार अर्जाच्या वेळी घोषित केलेला असणे व विमा कंपनीने स्वीकारलेला असणे या अटींच्या अधीन राहील."

(३६ महिने ही सध्याची कमाल मर्यादा आहे, २०२४ च्या आधी ४८ होती, आणि काही पॉलिसींत याहून कमी असते, म्हणून आकडा नेहमी समोरच्या पॉलिसीतून घ्यायचा, जुन्या फाइलमधून कॉपी करायचा नाही.)

नवीन माणूस हे वाचतो आणि लगेच लिहायला बसतो, आणि पहिलं वाक्य हमखास असं येतं: "आधीपासून आजार असेल तर पहिले ३६ महिने क्लेम मिळणार नाही." वाचायला छान आहे पण अर्थ बदलला. डायबेटिस असलेल्या माणसाला पॉलिसी घेतल्यावर आठव्या महिन्यात डेंगी झाला आणि ॲडमिट व्हावं लागलं, तर मूळ कलम त्याला अडवत नाही, कारण खर्च डेंगीचा आहे, डायबेटिसचा नाही. आपल्या वाक्याप्रमाणे मात्र तो क्लेमच करणार नाही. म्हणजे कलम आजाराच्या खर्चाला लागतं, माणसाला लागत नाही, आणि हा फरक सोप्या वाक्यात दिसलाच पाहिजे.

म्हणून मी लिहिण्याआधी एक काम करते आणि तुम्हीही हेच करा असं मनापासून सांगते. पाच-सहा क्लेम कागदावर मांडायचे, माणूस, तारखा, रक्कम, आजार सगळं घालून, आणि प्रत्येकाचं उत्तर मूळ कलमावरून काढून ठेवायचं. मग आपली आवृत्ती लिहायची आणि तेच क्लेम तिच्यावरून सोडवायचे. एकाही क्लेमचं उत्तर बदललं तर आपण अर्थ बदललाय, वाक्य कितीही सुंदर असो. नुसतं मूळ आणि नवीन शेजारी ठेवून वाचलं तर दोन्ही सारखंच वाटतं कारण आपल्याला अर्थ आधीच माहीत असतो, क्लेम सोडवायला लागलं की मग फट दिसते.

सगळ्यात जास्त घोळ दुसऱ्या वाक्यात होतो, विमा रक्कम वाढवल्याच्या, म्हणून ते पूर्ण सोडवून दाखवते. समजा एका बाईंनी १ जुलै २०२५ ला ५ लाखांची पॉलिसी घेतली, फॉर्ममध्ये डायबेटिस लिहिला आणि कंपनीने तो धरून पॉलिसी दिली. ३६ महिने ३० जून २०२८ ला पूर्ण होतात. मध्ये १ जुलै २०२७ च्या रिन्यूअलला त्यांनी रक्कम १० लाख केली. सप्टेंबर २०२८ मध्ये डायबेटिसमुळे पायाला गँगरीन झालं, ऑपरेशन, बिल ७ लाख. मूळ कलमावरून उत्तर काय? पहिल्या ५ लाखांचे ३६ महिने झालेत, त्यामुळे ५ लाखांपर्यंत क्लेम बसतो (बाकीच्या अटी वेगळ्या). वाढवलेल्या ५ लाखांचे ३६ महिने २०२७ पासून सुरू झाले, ते ३० जून २०३० ला संपणार, म्हणून वरचे २ लाख या वेळी मिळत नाहीत.

आता नवीन लोक हे वाक्य कसं लिहितात बघा: "विमा रक्कम वाढवल्यास वेटिंग पिरियड पुन्हा सुरू होतो." या वाक्यावरून त्या बाईंना शून्य मिळतं! ५ लाखांचा हक्क एका वाक्यात गेला. आणि दुसरी चूक उलटी, "वाढीव रकमेच्या मर्यादेपर्यंत" हे जड वाटतं म्हणून तो भाग गाळतात किंवा वाक्यच गाळतात, मग त्या बाईंना वाटतं ७ लाख मिळणार. माझ्याकडे हे वाक्य शेवटी असं उतरलं: "तुम्ही मध्येच विमा रक्कम वाढवली, तर फक्त वाढवलेल्या रकमेसाठी ३६ महिने नव्याने मोजले जातात. आधीच्या रकमेचे महिने चालू राहतात, ते पुन्हा शून्यापासून मोजत नाहीत." माझ्या या दोन वाक्यांतलं दुसरं मूळ कलमात नाहीये, पण ते नवीन अट घालत नाही, जी अट आहे तिचीच दुसरी बाजू सांगते. असं वाक्य वाढवायला घाबरू नका, सोपी आवृत्ती मुळापेक्षा लांब झाली तर होऊ द्या. मला लांबीपेक्षा त्या बाईंचे ५ लाख महत्त्वाचे वाटतात.

चौथ्या वाक्यात दोन अटी आहेत आणि लोक एकच ठेवतात. "आजार आधी सांगितलेला असावा" एवढंच लिहिलं तर फॉर्ममध्ये लिहिलं की झालं असं वाटतं, पण मुळात "घोषित केलेला व स्वीकारलेला" आहे. समजा कंपनीने एखादा आजार कायमचा वगळून पॉलिसी दिली, ग्राहकाने त्याला लेखी संमतीही दिली, तर त्याने आजार सांगितलाय पण कंपनीने स्वीकारलेला नाही, आणि ३६ महिन्यांनंतरही तो कव्हर होणार नाही. म्हणून मूळ कलमात मी सगळे "व", "किंवा", "पर्यंत", "अधीन" पेनाने गोल करते आणि प्रत्येकाचं आपल्या आवृत्तीत काय झालं ते तपासते.

"किंवा" वरून आठवलं, आधीपासूनचा आजार म्हणजे नेमका कोणता हे या कलमात नाही, ते व्याख्यांच्या पानावर आहे, आणि तिथेही ३६ महिने आहेत! पॉलिसी सुरू होण्याच्या *आधीच्या* ३६ महिन्यांत डॉक्टरांनी ज्याचं निदान केलं, किंवा ज्यासाठी सल्ला-उपचार सुचवले किंवा झाले, तो आजार. म्हणजे एक ३६ मागे बघून मोजायचे आणि एक पुढे, आणि सामान्य वाचक दोन्ही एकच समजतो. नुसतं "३६ महिन्यांचा नियम" असं कुठेही लिहू नका, दरवेळी "पॉलिसीच्या आधीचे" किंवा "पहिल्या पॉलिसीपासून पुढचे" हे लावायचंच. व्याख्येत एक जरी बाजू खरी असली तरी आजार धरला जातो, त्यामुळे तिथला "किंवा" चुकून "आणि" झाला तर अर्थ पूर्ण फिरतो.

आता तिसरं वाक्य, पोर्टेबिलिटीचं. समजा ५ लाखांची पॉलिसी दुसऱ्या कंपनीत दोन वर्षं चालू होती, मग माणूस आपल्याकडे १० लाखांवर पोर्ट झाला. "पूर्वीच्या संरक्षणाच्या मर्यादेपर्यंत" म्हणजे फक्त दोन वर्षं वजा, की जुन्या ५ लाखांपुरतीच दोन वर्षं वजा? नुसतं हे वाक्य वाचून ठरवता येत नाही. इथे नवीन माणूस स्वतःला पटतो तो अर्थ धरतो आणि स्वच्छ वाक्य लिहून मोकळा होतो, तसं करू नका. पोर्टेबिलिटीचे नियम बघितले की कळतं, आधीच्या वर्षांचा फायदा आधीच्या विमा रकमेपुरताच मिळतो, म्हणजे जुन्या ५ लाखांसाठी १२ महिने उरले आणि वरच्या ५ लाखांसाठी पूर्ण ३६. पण हे मी माझ्या मनाने घालत नाही, लीगलला क्लेमचं उदाहरण घालून ईमेल करते, "या माणसाला किती?" असं विचारते आणि लेखी उत्तर फाइलला लावते. "हे वाक्य बरोबर आहे का" असं विचारलं तर सगळेच हो म्हणतात, आकडा विचारला की खरं उत्तर येतं.

"थेट गुंतागुंत" ला माझ्याकडे आजही चांगला सोपा पर्याय नाही. "त्यामुळे होणारे सगळे त्रास" लिहिलं तर कलम रुंद होतं आणि ग्राहकाचं नुकसान, "गुंतागुंत" गाळली तर अरुंद होतं आणि गँगरीनच्या बिलाचं काय ते कळत नाही. मी "त्या आजारातूनच थेट उद्भवलेला त्रास" लिहून खाली गँगरीन आणि डेंगी ही दोन्ही उदाहरणं देते, एक आत बसणारं, एक बाहेर राहणारं. उदाहरणापुढे "उदा." लिहायचंच, नाहीतर ती यादी समजली जाते.

सगळं झाल्यावर सोपी आवृत्ती साधारण अशी होते:

"पॉलिसी घेण्याआधीपासून तुम्हाला एखादा आजार असेल (नेमका कोणता ते व्याख्येत दिलंय), तर त्या आजाराच्या आणि त्यातूनच थेट उद्भवलेल्या त्रासाच्या उपचाराचा खर्च पुढचे ३६ महिने मिळत नाही. हे महिने आमच्याकडच्या तुमच्या पहिल्या पॉलिसीच्या तारखेपासून मोजतो आणि पॉलिसी खंड न पडता चालू असावी लागते. मध्येच विमा रक्कम वाढवली, तर फक्त वाढवलेल्या रकमेसाठी ३६ महिने नव्याने मोजले जातात, आधीच्या रकमेचे महिने चालू राहतात. दुसऱ्या कंपनीतून नियमांप्रमाणे खंड न पडता पोर्ट होऊन आला असाल, तर तिथे झालेला काळ आधीच्या विमा रकमेपुरता यातून वजा होतो. ३६ महिन्यांनंतर त्या आजाराचा खर्च मिळण्यासाठी दोन्ही गोष्टी लागतात: तुम्ही अर्ज करताना तो आजार आम्हाला सांगितलेला असावा आणि आम्ही तो स्वीकारलेला असावा."

"पहिल्या पॉलिसीच्या" हे शब्द लोक फालतू समजून काढतात. ते काढले की दर रिन्यूअलला मोजणी नव्याने सुरू होते असं वाचता येतं, म्हणून ठेवायचे.

शेवटची टेस्ट ऑफिसबाहेर. इन्शुरन्सशी संबंध नसलेल्या दोन-तीन जणांना ही आवृत्ती द्यायची आणि "समजलं का" असं अजिबात विचारायचं नाही, त्या बाईंचा ७ लाखांचा क्लेम द्यायचा आणि किती मिळतील ते लिहायला सांगायचं. कुणी शून्य लिहिलं किंवा ७ लिहिलं, तर कुठल्या ओळीवरून तसं वाटलं त्यावर बोट ठेवायला सांगा, दुरुस्ती त्याच ओळीत करायची असते.