साइड मिररची काच काढताना या चुका टाळा

गाडीच्या साइड मिररची काच आरसा फिरवणाऱ्या मोटरवर थेट बसलेली नसते. ती एका काळ्या प्लास्टिकच्या प्लेटवर चिकटवलेली असते आणि ती प्लेट मागच्या मोटरवर क्लिपांनी बसते. काच तडकते ती बहुतेक वेळा याच गफलतीमुळे: स्क्रू-ड्रायव्हर प्लेटच्या मागे जाण्याऐवजी काच आणि प्लेटच्या मधे घुसतो. काच जेमतेम दोन मिलिमीटर जाडीची, त्यामुळे कडेवर एका बिंदूत आलेला जोर तिला सोसत नाही.

म्हणून आधी आरशाची वरची कड हाताने पूर्ण आत दाबा, म्हणजे खालची कड बाहेर येईल. टॉर्च मारून प्लेटची काळी कड शोधा आणि प्लास्टिकची चपटी पट्टी तिच्या मागेच सरकवा. काचेवर आधी चिकटपट्टीच्या आडव्या-उभ्या पट्ट्या मारा. तडकलीच तर तुकडे उडणार नाहीत. हातमोजे आणि चष्मा हवाच.

दुसरी चूक म्हणजे गार काचेवर जोर लावणे. थंडीत प्लास्टिक आणि गोंद दोन्ही ताठ असतात. हेअर ड्रायर वीतभर लांब धरून, सतत फिरवत, तीन-चार मिनिटे गरम करा. काचेला हात लावून ठेवता आला पाहिजे, इतपतच. उकळते पाणी मात्र ओतू नका. एकदम ताप बसला की काच तिथल्या तिथे चिरते.

खरी अडचण येते ती आधी दुरुस्त केलेल्या आरशात. समजा, दादरच्या एखाद्या गल्लीत रिक्षा घासून डावी काच फुटली होती आणि नवी काच सिलिकॉन लावून बसवली होती. ते सिलिकॉन ओघळून प्लेट आणि मोटर यांच्यात चिकटलेले असते. ‘टक्‌ टक्‌’ करत क्लिपा सुटतात, पण एक कोपरा हलत नाही. इथे बहुतेक जण हिसका देतात आणि काच त्याच कोपऱ्यातून तिरकी तडकते. काच वाकतेय असे दिसले की थांबा. तो कोपरा पुन्हा गरम करा आणि मासेमारीची तंगूस प्लेटच्या मागे घालून करवतीसारखी पुढे-मागे ओढा. कोणत्याही कोळीवाड्याजवळच्या दुकानात ती मिळते. हे काम हळू होते, पण काच वाचते.

प्लेट सुटली तरी ओढू नका. गरम होणारा आरसा असेल तर मागे दोन वायरी असतात. वायर न धरता टोकाची धातूची पिन नोज प्लायरने धरून सरळ ओढा.

उरलेले सिलिकॉन प्लास्टिकच्या पट्टीनेच खरवडा. थिनर किंवा पेट्रोल काचेच्या पाठीला लागू देऊ नका, कडेने पारा उडतो. परत बसवण्याआधी क्लिपा पाहा: पांढरी पडलेली क्लिप आतून मोडत आलेली असते, ती प्लेट बदलाच. दाबताना काचेवर फडका ठेवून मध्यभागी तळव्याने दाबा, कडेवर कधीच नाही.