फळी आधी स्केचअपमध्ये बसवा

१८ मिमी प्लायचं १२०० मिमी रुंद कपाट, मधे एक उभं पार्टिशन. डोक्यातल्या हिशेबाने मी ६०० मधून १८ वजा करून फळी ५८२ ची धरली होती. पोराच्या जुन्या लॅपटॉपवर स्केचअप या थ्रीडी चित्रं काढायच्या प्रोग्रॅममध्ये काढली, तर पार्टिशनमध्ये ९ मिमी घुसली! पार्टिशनची अर्धी जाडी विसरलो होतो. १२०० मधून तीन १८ गेले की उरतात ११४६, त्याचे निम्मे ५७३.

पण पहिल्या दिवशी चित्रच बिघडलं होतं. एक पाट हलवला की शेजारचाही ताणला जायचा. कारण स्केचअपमध्ये एकमेकांना टेकलेले सुटे आकार चिकटतात. म्हणून प्रत्येक पाट काढून झाला की लगेच त्यावर तीनदा क्लिक करून G दाबा, त्याचा कंपोनंट म्हणजे स्वतंत्र तुकडा करा, मगच पुढचा काढा. लॅपटॉप अडखळायला लागला तर Shadows बंद ठेवा, आणि चित्रात आयते सोफे-बेड तर आणूच नका.

हे माप नुसत्या प्लायचं. आत सनमायका लावणार असाल तर दोन्ही बाजूंचा मिळून साधारण २ मिमी जातो, तेव्हा फळी ५७१ ची कापा. ज्यांचं कपाट त्या ताईंनी चित्र बघितलं आणि वरचा कप्पा बॅगांसाठी उंच करून मागितला. तेव्हा प्लाय दुकानातच होता.