आजी फोटोत चिकटवल्यासारख्या का दिसतात? सावलीच्या या चुका टाळा

पंचगंगा घाटावर कॅमेऱ्यासमोर सूर्य ठेवून संध्याकाळी कुटुंबाचा फोटो काढलेला असतो आणि त्या दिवशी येऊ न शकलेल्या आजींना त्यात उभे करण्याची मागणी कोल्हापुरातील फोटो स्टुडिओकडे येते. कटिंग स्वच्छ होते, तरीही आजी चिकटवल्यासारख्या दिसतात. दोष बहुधा सावलीत असतो.

पहिली चूक म्हणजे शेजारच्या काकांची सावली ज्या कोनात पडली आहे, त्याच कोनात आजींची सावली ओढणे. सपाट जमिनीवर सावल्या समांतर असतात हे खरे, परंतु फोटोत त्या रेल्वेच्या रुळांप्रमाणे एका बिंदूकडे जातात. त्यामुळे सूर्य समोर असताना त्या आपल्याकडे पंख्यासारख्या पसरत येतात. दोन टोकांना उभ्या असलेल्या दोघांच्या प्रत्येक सावलीच्या मधोमध एकेक रेषा आखून त्या मागे वाढवाव्यात. त्या जिथे मिळतील, तिथून आजींच्या पायांतून जाणारी रेषा हीच त्यांच्या सावलीची दिशा होय. लांबीसाठी त्याच दोघांच्या सावलीच्या टोकापासून डोक्यापर्यंत रेषा काढून वाढवावी. या रेषा सूर्याच्या जागी मिळतात, मग तो चौकटीबाहेर असला तरी. तिथून आजींच्या डोक्यावरून आणलेली रेषा पहिल्या रेषेला छेदेल, तिथे सावली संपते. हा नियम सपाट फरसबंदीपुरताच आहे. घाटाच्या पायऱ्यांवर सावली प्रत्येक कडेला मोडते आणि ती तशीच मोडून दाखवावी लागते.

दुसरी चूक सावलीत काळा रंग भरण्याची. मावळतीचे ऊन नारिंगी असते, पण सावलीतल्या दगडावर निळ्या आकाशाचा उजेड पडतच असतो. समजा, उन्हातील दगडाचे लाल, हिरवा, निळा हे आकडे २००, १६०, १२० आहेत आणि काकांच्या सावलीतील त्याच दगडाचे ७०, ६८, ६६. सावलीच्या आकड्याला उन्हाच्या आकड्याने भागून २५५ ने गुणल्यास सुमारे ८९, १०८, १४० येतात. हा निळसर रंग Multiply लेयरवर भरला की आजींची सावली काकांच्या सावलीशी जुळते.

तिसरी चूक फार कळकळीने केली जाते: संध्याकाळ दिसावी म्हणून आजींना सबंध नारिंगी छटा देणे. सूर्य उभ्या माणसांच्या पाठीमागे असल्याने ऊन केवळ केसांच्या आणि खांद्याच्या कडेला लागते, चेहरा मात्र सावलीत असतो. म्हणून तो इतरांच्या चेहऱ्यांइतकाच गडद व थंड हवा. उजेडाची बाजू चुकली म्हणून आजींचा फोटो आडवा उलटवला, तर नऊवारीचा पदर उजव्या खांद्यावर जातो आणि घरच्यांच्या ते लगेच लक्षात येते. मूळ फोटो समोरून फ्लॅश मारून काढलेला असेल, तर नाकाखालच्या आणि गळ्याखालच्या छाया रंग बदलून हलत नाहीत. अशा वेळी अंगणातील सावलीत काढलेला दुसरा फोटो मागून घ्यावा.