निविदा भरण्याआधी जेव्हीतून बाहेर पडताय? या चुका टाळा

दर परवडत नाही, बँक मर्यादा वाढवून देत नाही, लीड मेंबरचं वागणं पटत नाही. कारण कुठलंही असो, निविदा भरण्याआधी जेव्हीतून, म्हणजे एका कामासाठी काही कंपन्यांनी मिळून केलेल्या भागीदारीतून, बाहेर पडणं हा गुन्हा नाही. पण बहुतेक जण बाहेर पडतात ते व्हॉट्सॲपवर, आणि तिथेच घोळ होतो.

पाणीपुरवठ्याच्या एका कामासाठी तिघांनी जेव्ही केली होती. शुक्रवारी संध्याकाळी पाचला मुदत संपत होती. सोमवारी तिसऱ्या भागीदाराने ग्रुपवर टाकलं, "आमचं जमत नाही, तुम्ही बघा." लीडने अंगठा दाखवला, विषय संपला असं सगळ्यांनी धरलं. त्याच्या अनुभव प्रमाणपत्राशिवाय पात्रता मात्र बसत नव्हती. त्याच्या वतीने निविदा भरायचा अधिकार देणारं, नोटरी केलेलं कुलमुखत्यारपत्र लीडच्या फाइलमध्ये होतंच. शुक्रवारी दुपारी लीडने तेच जोडून, स्वतःच्या डिजिटल सहीने निविदा अपलोड केली. लिफाफे उघडले तर हेच सर्वांत कमी दराचे! आता तिसरा म्हणतो मी नाही, आणि विभागाच्या टेबलावर त्याच्या सहीचे कागद. करारात 'संयुक्त आणि स्वतंत्रपणे जबाबदार' असं लिहिलेलं. निविदेच्या वैधता काळात माघार घेतली तर ईएमडी, म्हणजे निविदेसोबतची अनामत रक्कम, जप्त, शिवाय काळ्या यादीची टांगती तलवार. शेवटी ज्या दराला नको म्हणाला होता, त्याच दराने त्याने काम केलं. दोष लीडचाही होता, पण मुखत्यारपत्र चालू ठेवून घरी बसणाऱ्याची मला फारशी दया येत नाही.

भारतीय करार कायदा, १८७२ इथे अगदी सरळ आहे. कलम २०३ नुसार मुखत्याराने अधिकार वापरून तुम्हाला बांधून टाकण्याआधी तो काढून घेता येतो. म्हणजे बटण दाबलं जाण्याआधी. कलम २०८ सांगतं की रद्द केल्याचं मुखत्याराला कळेपर्यंत त्याच्यापुरतं, आणि तिसऱ्या पक्षाला कळेपर्यंत त्या पक्षापुरतं ते रद्द झालेलं नसतं. म्हणून पत्र एकट्या लीडला देऊन भागत नाही. निविदा काढणाऱ्या कार्यकारी अभियंत्यालाही प्रत द्यायची आणि आवक शिक्का घ्यायचा. 'वाईट दिसेल' म्हणून हे टाळणारे पुष्कळ भेटतात. दिसू दे.

मुखत्यारपत्रावर 'अपरिवर्तनीय' छापलंय म्हणून घाबरून जाऊ नका. कलम २०२ प्रमाणे त्या विषयात मुखत्याराचा स्वतःचा हितसंबंध असेल तरच तो शब्द टिकतो. नुसतं निविदा भरायला नेमलेल्या माणसाचा तसा हितसंबंध सहसा नसतो. वकिलाला मसुदा मात्र दाखवा.

माझी सवय अशी: रद्दलेख नोटरीकडून करायचा, ईमेल आणि स्पीड पोस्ट दोन्हींनी पाठवायचा, मग लीडकडून दोन ओळींची पोच मागायची, 'तुमचं नाव, अनुभव आणि उलाढाल वापरणार नाही.' ती पोच येत नसेल तर समजा की तुमचे कागद अजून वापरात आहेत. सीएने दिलेल्या उलाढालीच्या प्रमाणपत्राचा यूडीआयएन, म्हणजे त्यावरचा ओळख क्रमांक, त्याच्याकडून रद्द करून घ्या, आणि तुमच्या बँकेने ईएमडीची हमी दिली असेल तर मूळ हमीपत्र परत आणा. ते विभागात जमा झालं, तर तुम्ही एकट्याने सांगून बँक ती रद्द करत नाही. लीडने आधीच निविदा चढवली असेल, तरी मुदतीपर्यंत ती मागे घेता येते. पण महाटेंडर या राज्याच्या ई-निविदा पोर्टलवर एकदा मागे घेतली की त्याच निविदेत पुन्हा भरता येत नाही, म्हणून लीड ती बदलून भरेल. तुमचं नाव खरंच काढलंय का, ते लेखी विचारा.

आता पैशाचं. मुखत्यारपत्र रद्द झालं म्हणजे जेव्ही करार संपत नाही. त्यात एकनिष्ठतेची किंवा खर्चवाटपाची अट असेल, तर कलम ७३ खाली नुकसानभरपाईचा दावा येऊ शकतो. न भरलेल्या निविदेतला नफा सिद्ध करणं अवघड; पण सर्वेक्षण, बँकेचं कमिशन, डिझाइनरची फी यांची बिलं दाखवणं सोपं. तेवढा आपला वाटा देऊन परस्पर मुक्ततेचा लेख करून घ्या. घासाघीस करायची जागा ही नव्हे. करारात बाहेर पडण्याचं कलम असेल, तर त्यातली नोटिशीची मुदत मुदतवाढीच्या शुद्धिपत्रकाच्या भरवशावर मोजू नका.

पत्रात कारणांचा पाढा वाचू नका. 'व्यावसायिक कारणास्तव' पुरे.

बाहेर पडण्यासाठी दुसऱ्या निविदाधारकाकडून पैसे घेतले, तर ते संगनमत ठरून प्रकरण स्पर्धा कायदा, २००२ च्या कलम ३ मध्ये जातं. तसंच लीडचे दर कळलेले असताना त्याच कामात दुसऱ्या जेव्हीत शिरू नका. गोपनीयतेचा करार तुम्ही बाहेर पडल्यावरही चालू असतो.